एका महिन्याचे पुस्तक : निवडीची एक रीत

बऱ्हाणपुरात आम्ही आठ जण महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी, एकाच मराठी पुस्तकावर बोलायला जमतो. आठही जणांची आवड निराळी आहे. एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना भाषेत नवे काही करू पाहणारे लेखन हवे असते. केळीची बागायत करणारे एक दादा चरित्रे वाचतात. औषधांचे दुकान चालवणारे गृहस्थ इतिहासाखेरीज कशाला हात लावत नाहीत. रावेर माहेर असलेल्या एका ताईंना बायकांनी लिहिलेली आत्मकथने आवडतात. नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि बँकेत काम करणाऱ्या एक बाई कादंबरीप्रेमी आहेत. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे, तिचे सारे शिक्षण हिंदीतून झाले. आठवा मी. पुस्तक निवडण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यात मी काय चुकलो, काय शिकलो, ते येथे मांडतो.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे फिरतात. ज्याला जे हवे ते तो पेटीतून उचलतो, त्यामुळे तेथे आवडीनिवडीचा झगडा उद्भवत नाही. आमची अडचण वेगळी आहे. आम्हांला एकावर बोलायचे असते, म्हणून सर्वांनी एकच पुस्तक वाचावे लागते.

सुरुवातीला मी सोपी रीत ठेवली होती. पाच पुस्तकांची नावे वाचायची आणि प्रत्येकाने एकासाठी हात वर करायचा. एका महिन्यात ‘कोसला’ला तीन हात मिळाले, ‘एक होता कार्व्हर’ला दोन आणि उरलेल्या तिन्हींना एकेक. ‘कोसला’ ठरली. १९६३ सालची ही कादंबरी भालचंद्र नेमाड्यांची, तिचा नायक खानदेशातला, म्हणजे आमच्या शेजारचाच. मला वाटले, निवड उत्तम झाली. रविवारी तिघे भरभरून बोलले आणि पाच जण चहाच्या कपाकडे पाहत बसले. जाताना दादा म्हणाले, “भाऊ, मी चाळीस पानांवर थांबलो. पण तिथं सांगायची लाज वाटली.”

दोष कादंबरीचा नव्हता. मी विचारलेला प्रश्नच अपुरा होता. ‘तुम्हांला कोणते पुस्तक सर्वांत जास्त हवे?’ असे विचारले की प्रत्येकाची पहिली आवड कळते, पण उरलेल्या पुस्तकांबद्दल तो काय करील ते कळत नाही. तीन हातांनी निवडलेले पुस्तक उरलेल्या पाचांना चालणारे असू शकते किंवा नकोसेही असू शकते. दोन्ही वेळा हात तीनच दिसतात. मतदानातली ही उणीव जुनी आहे. अठराव्या शतकात बोर्दा आणि काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञांनी तिच्यावर लिहिले होते. सर्वाधिक पहिली पसंती मिळालेला उमेदवारच बहुसंख्यांना सर्वांत नकोसा असू शकतो, हे बोर्दाने दाखवून दिले.

मग मी प्रश्न बदलला. आता प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर चार पुस्तकांची नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा असतो : ‘आवडीने’, ‘पूर्ण करीन’ किंवा ‘सोडीन’. ‘पूर्ण करीन’ म्हणजे मी होऊन हे पुस्तक उचलणार नाही, पण सर्वांबरोबर शेवटपर्यंत वाचीन. चिठ्ठीवर नाव लिहायचे, पण ती फक्त मीच पाहायची. निवडीचा नियम असा की ज्याला सर्वांत कमी ‘सोडीन’ ते पुस्तक घ्यायचे. दोन पुस्तके बरोबरीत आली, तर ज्याला ‘आवडीने’ जास्त ते.

या रीतीने झालेली पहिली निवड सविस्तर सांगतो. चार पुस्तके होती. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. ‘कार्व्हर’ला चार ‘आवडीने’, एक ‘पूर्ण करीन’ आणि तीन ‘सोडीन’ मिळाले. ‘रणांगण’ला तीन, दोन आणि तीन. ‘स्मृतिचित्रे’ला तीन, तीन आणि दोन. ‘माझा प्रवास’ला ‘आवडीने’ दोनच होते, पण ‘पूर्ण करीन’ पाच आणि ‘सोडीन’ एकच. हात वर करण्याच्या रीतीत हे पुस्तक बहुधा तळाशी गेले असते. नव्या रीतीत तेच निवडले गेले.

निवड जाहीर करण्याआधी मी ‘सोडीन’ लिहिणाऱ्या व्यक्तीला एकटीला भेटून कारण विचारतो. ही पायरी मी कधीच गाळत नाही. नकाराची कारणे साधारण तीन तऱ्हेची असतात. पहिले वेळेचे : पुस्तक जाड आहे, महिन्यात होणार नाही. दुसरे भाषेचे. तिसरे विषयाचे : घरात नुकताच मृत्यू झाला आहे आणि पुस्तक मृत्यूविषयी आहे, असे काही. पहिल्या दोन कारणांवर उपाय असतो. तिसऱ्यावर नसतो आणि तेथे खुलासाही मागायचा नसतो. तो नकार अंतिम मानून यादीतले पुढचे पुस्तक घ्यायचे.

या वेळी ‘सोडीन’ लिहिले होते ते महाविद्यालयातल्या मुलीने. कारण भाषेचे होते. ती देवनागरी सहज वाचते, पण एकोणिसाव्या शतकातल्या भिक्षुकाचे मराठी तिला अडत होते. उपाय हाताशी होता. या पुस्तकाचा अमृतलाल नागर यांनी केलेला ‘आँखों देखा गदर’ हा हिंदी अनुवाद आहे. तिने तो वाचावा आणि झाशीच्या वेढ्याचा भाग तेवढा मराठीतून वाचावा, असे ठरले. तिने चिठ्ठी परत घेऊन ‘सोडीन’ खोडले आणि ‘पूर्ण करीन’ लिहिले.

वेळेचा हिशेबही असाच करून पाहावा लागतो. तो सरासरी वाचकाचा नव्हे, सर्वांत सावकाश वाचणाऱ्याचा करायचा. आमच्यात काका सर्वांत सावकाश वाचतात, दिवसाला आठ पाने. चार दिवस आजारपणाचे आणि पाहुण्यांचे सोडले, तर सव्वीस दिवसांत दोनशे आठ पाने होतात. त्याहून बरेच मोठे पुस्तक आम्ही दोन महिन्यांत विभागतो आणि मध्यावर एक बैठक घेतो. शिवाय गावात मराठी पुस्तके मागवावी लागतात आणि ती यायला दिवस जातात. म्हणून पुस्तक आम्ही एक महिना आधी ठरवतो.

जुन्या ग्रंथाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, ती म्हणजे आवृत्ती. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, पण मूळ लेखनात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली संपादित केला. अर्धे जण एक पाठ आणि अर्धे दुसरा वाचून आले, तर चर्चा पुस्तकावर न होता ‘माझ्या प्रतीत हे नाही’ यावरच होते. आम्ही सर्वांनी एकच पाठ घेतला. पानांचे आकडे न सांगता प्रसंगाचे नाव घेऊन बोलायचे, असेही ठरवले. हिंदी अनुवाद वाचणाऱ्या मुलीलाही त्यामुळे चर्चेचा धागा सापडत राहिला.

रविवारी बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकाने कागदावर आपण वाचलेला शेवटचा प्रसंग लिहिला. पुस्तक खरोखर किती वाचले गेले हे यावरून कळते. चेहऱ्यांवरून ते कळत नाही. आठांपैकी सात जणांनी पुस्तक संपवले होते. इतिहासप्रेमी गृहस्थ महूच्या बंडावर बोलले, सर भाषेवर बोलले. ताईंनी कोणाच्याच ध्यानात न आलेला मुद्दा काढला. गोडसे भटजी घरावरचे कर्ज फेडायला, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने निघाले होते आणि परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. “कर्ज राहिलं आणि कावड आली, त्या घरच्या बाईनं काय म्हटलं असेल?” असे त्या म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. अनेकांना ‘चालणारे’ पुस्तक बैठकीत असे उपयोगी पडते. प्रत्येक जण त्यात आपापल्या दाराने शिरतो.

पण दादा त्या दिवशी थोडेच बोलले. ‘कार्व्हर’ला चार जण आवडीने वाचणारे होते, तरी ते हरले होते. त्यांनी मला सरळ विचारले, “म्हणजे ज्याला पुस्तक आवडतं त्याचं मत हलकं, आणि जो वाचणार नाही म्हणतो त्याचं जड?” मला उत्तर देता आले नाही, कारण नियमाचा अर्थ तोच होता. ‘सोडीन’ला वजन देणारी रीत गट टिकवते, पण सतत वापरली की कोणालाच फारसे न खुपणारी आणि कोणालाच फारशी न भिडणारी पुस्तके निवडली जातात. याची खूण चिठ्ठ्यांतच दिसते. लागोपाठ दोन-तीन महिने निवडलेल्या पुस्तकाला ‘आवडीने’ एकदोनच मिळत असतील, तर रीत बदलायची वेळ झाली असे समजावे.

म्हणून आता दर तिसरा महिना पाळीचा असतो. त्या महिन्यात मतदान होत नाही. ज्याची पाळी त्याने पुस्तक सांगायचे आणि इतरांनी वाचायचे. अटी दोनच : काकांच्या वेगाने ते महिन्यात संपावे आणि विषयाचा नकार कोणाचा नसावा. आठ जण आणि वर्षात चार पाळ्या, म्हणजे प्रत्येकाची पाळी दोन वर्षांनी येते. पहिली पाळी दादांना दिली. त्यांनी अर्थातच ‘कार्व्हर’ घेतले. मागे ‘सोडीन’ लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघांनी आपण ते पूर्वीच वाचले असल्याचे कारण दिले होते. त्यातल्या एकाने ते पुन्हा वाचले, दुसऱ्याने नाही वाचले. तिसऱ्या होत्या बँकेतल्या बाई. त्यांनी ते संपवले आणि पिकांच्या फेरपालटीचा भाग समजावून द्यायला दादांनाच सांगितले. दादांनी केळीनंतर आपण शेतात काय घेतो आणि का, हे सांगितले. त्या दिवशी कागदावर सात जणांनी ‘शेवट’ असे लिहिले होते. ज्यांनी ते पुन्हा वाचले नव्हते, त्यांनी प्रामाणिकपणे ‘पान १’ लिहिले आणि कोणी त्यांना बोल लावला नाही.