गाडा उचलला, पण यादी दिली का?

बार्शीटाकळीत केळीचा गाडा नगरपंचायतीच्या माणसांनी उचलला, तर गाडेवाल्याने आधी सह्या केलेली यादी मागावी. पथविक्रेता कायदा, 2014 नगरपंचायतीलाही लागू आहे. विक्री प्रमाणपत्र असलेल्याला जागेवरून हटवायचे, तर आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मुदत उलटूनही तो हलला नाही, तरच माल जप्त करता येतो. जप्ती करतानाच वस्तूंची यादी करून अधिकृत माणसाच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची असते. “ऑफिसात या, मग बघू” हे उत्तर कायद्यात बसत नाही.

पुढचा मुद्दा वेळेचा. केळी, भाजी, फुले असा नाशवंत माल विक्रेत्याने मागणी केली त्याच दिवशी सोडायचा असतो. भांडी, कपडे असतील तर कामाचे दोन दिवस. म्हणून मागणी लेखी करून पोचेचा शिक्का घ्यावा. नाहीतर मागितलेच नव्हते म्हणायला मोकळे! जागा न सोडल्याचा दंड दिवसाला 250 रुपयांपर्यंत असतो, आणि जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही.

प्रमाणपत्रच मिळाले नसेल तर? सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे वाटेपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवू नये, असे कलम 3 सांगते. मात्र हा कायदा रेल्वेच्या जमिनीला लागू नाही. स्टेशनच्या आवारात ही यादी-नोटीस कामी येणार नाही.