इस्त्री डोंबिवलीत, शर्ट दादरला

समजा, डोंबिवलीच्या एका नोकरदार तरुणाकडे पंधरा सेकंदांचं रील आहे. सकाळचे आठ वाजून गेलेत. इंडिकेटरवर सीएसएमटी फास्ट लागली आहे, सगळ्यांच्या सॅक पाठीवरून पोटाशी आल्या आहेत आणि गाडी नीट थांबायच्या आतच माणसं दारात घुसत आहेत. खाली त्याने कॅप्शन लिहिलं, ‘बापरे, किती ही गर्दी! मुंबईकरांचा रोजचा संघर्ष!’ कुणीच हसलं नाही. गर्दी दाखवायचं काम कॅमेऱ्याने आधीच केलं होतं. कॅप्शनने तेच पुन्हा सांगितलं.

कॅप्शनने सांगायचं ते चित्रात न दिसलेलं. त्या गर्दीत शिरलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे त्या पंधरा सेकंदांत नाही. म्हणून त्याने दुसऱ्यांदा लिहिलं, ‘सकाळी कडक इस्त्री करून घरातून निघालो होतो, पण लोकलच्या गर्दीत शर्टाची पार वाट लागली.’ आता विषय सापडला, पण विनोद मधेच सांडला. ‘लोकलच्या गर्दीत’ हे शब्द फुकट गेले, कारण ते दिसतंच आहे. ‘वाट लागली’ म्हटल्यावर वाचणाऱ्याने स्वतः ओळखून हसावं असं काही उरलं नाही. तिसऱ्या वेळी दोन स्टेशनं आली आणि वाक्य आखडलं: ‘इस्त्री डोंबिवलीत राहिली. शर्ट दादरला पोचला.’

हे चालतं. चुरगळलेला शर्ट घालून थेट मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाला त्या दोन वाक्यांमधला सगळा प्रवास आपोआप आठवतो. शिवाय ते पहिल्या ओळीतच संपतं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरचिन्हांची मुभा आहे खरी, पण रील बघताना खाली जेमतेम सुरुवातीचे काही शब्द दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि एका हाताने वरची कडी धरलेला माणूस ते कशाला लावेल? गंमत चौथ्या ओळीत ठेवली तर ती तिथेच राहते.

रोज प्रवास करणारा वाचक फार बारकाईने तपासतो. ‘फास्टने आलो, कांजूरमार्गला ढकलून बाहेर काढलं’ असं लिहिलं की तो हसायच्या आधी थांबतो, कारण नेहमीची फास्ट कांजूरला थांबतच नाही. तिथे घाटकोपर हवं. 2014 साली मेट्रो सुरू झाली तेव्हापासून सकाळी घाटकोपरला अंधेरीकडे जाणाऱ्यांचा लोंढा उतरतो आणि दाराजवळच्या माणसालाही सोबत घेऊन जातो. म्हणून ‘मला दादरला उतरायचं होतं. गाडीचं घाटकोपर ठरलं होतं.’ हे वाचून मध्य रेल्वेवाला मान डोलावतो. चौथ्या सीटचंही तसंच. बाक तिघांचा, त्यावर चौथा टेकतो तो जेमतेम अर्धा. ‘चौथी सीट मिळाली. अर्धा बसलोय, अर्धा अजून उभा आहे.’ यात अतिशयोक्ती नाहीच, म्हणून ते जास्त हसवतं.

मला जी कॅप्शनं अजिबात आवडत नाहीत ती दुसऱ्या प्रवाशावर बेतलेली असतात. कुणाचा जाडेपणा, कुणाची भाषा, बायकांच्या डब्यातलं भांडण, उभ्या उभ्या पेंगणाऱ्याचा उघडा चेहरा. तो माणूसही तुमच्यासारखाच मस्टर गाठायला निघालेला असतो आणि त्याला विचारून कुणी फोन रोखलेला नसतो. चिमटा परिस्थितीला किंवा स्वतःला काढावा. शर्ट तुमचा, अर्धी सीट तुमची, चुकलेलं स्टेशन तुमचं. मग सगळा डबा तुमच्या बाजूने हसतो.

आणि दारात लटकण्यावर विनोद नको. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ सकाळच्या गर्दीत, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ती माणसंही कामालाच निघाली होती. त्यानंतर ‘फुकटचा एसी’ म्हणत पायदानावरचं रील टाकणं मला तरी बघवत नाही. पायदानावरून प्रवास करणं हा 1989च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हाही आहे.

रील काढायचंच असेल तर फलाटाच्या कडेपासून मागे उभं राहून किंवा पुलावरून काढा, चेहरे टाळा, आणि कॅप्शन ऑफिसला पोचल्यावर शांतपणे लिहा. गाडीत असेपर्यंत फोन खिशात आणि हात कडीला राहू द्या.