गोल कातड्याचे गणित

ताणलेली तार छेडली की मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे सूरही उमटतात, आणि म्हणूनच तारेचा आवाज कानाला सुरेल लागतो. सर्वत्र सारख्या जाडीचे कातडे गोल कड्यावर ताणून त्यावर थाप मारली, तर मात्र पूर्णांकांची ही साखळी तुटते. मूळ कंप्रता १ धरली तर पुढच्या कंप्रता १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा येतात. या आकड्यांमागचे गणित लिओनार्ड ऑयलर यांनी १७६४ मध्ये मांडले. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

थरथरणाऱ्या कातड्यावरचा एखादा ठिपका या क्षणी किती वर किंवा खाली आहे, हे तीन गोष्टींवर ठरते: केंद्रापासूनचे अंतर r, कोन θ आणि वेळ t. कातड्याचा एखादा भाग आसपासच्या भागापेक्षा वर उचलला गेला, की ताण त्याला खाली ओढतो, आणि खाली गेला तर वर खेचतो. हाच नियम गणिताच्या भाषेत लिहिला की तरंगाचे विकलक समीकरण मिळते. पण त्यात तिन्ही चल एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते थेट सुटत नाही.

हा गुंता सोडवायला आधी एक धाडसी गृहीतक धरायचे. कातड्याची उंची म्हणजे तीन स्वतंत्र फलनांचा गुणाकार, R(r) · Θ(θ) · T(t), असे मानायचे. हे समीकरणात घालून सगळ्याला त्याच गुणाकाराने भागले, की डाव्या बाजूला फक्त वेळ उरते आणि उजव्या बाजूला फक्त जागा. आता एका जागी थांबून नुसती वेळ पुढे जाऊ द्या. उजवी बाजू हलत नाही, म्हणून तिच्याएवढी असलेली डावी बाजूही हलू शकत नाही. याचा अर्थ दोन्ही बाजू एकाच स्थिरांकाएवढ्या आहेत. यालाच चलांचे विलगीकरण म्हणतात. वेळेच्या वाट्याला जे समीकरण येते ते साध्या दोलनाचे असते, लंबकाच्या छोट्या झोक्यासारखे.

उरलेल्या भागात r आणि θ हेही याच रीतीने सुटे होतात. कोनाच्या समीकरणाचे उत्तर cos nθ किंवा sin nθ असे येते. गोलाला एक पूर्ण फेरी मारून आपण निघालो त्याच ठिपक्यावर परततो, तेव्हा उंचीही तीच असायला हवी. म्हणून n हा ०, १, २ असा पूर्णांकच असावा लागतो. कातड्याला आरपार छेदणाऱ्या किती व्यासरेषा कंप चालू असताना स्थिर राहतात, ते हा n सांगतो.

शेवटी उरते ते त्रिज्येचे समीकरण:

r²R″ + rR′ + (k²r² − n²)R = 0

यातला k म्हणजे कंपनाची कोनीय कंप्रता भागिले कातड्यावरून तरंग धावण्याचा वेग. सगळी गंमत मधल्या rR′ या पदात आहे. ते पद नसते आणि n शून्य असता, तर उत्तर तारेसारखी साधी साइन लाट आले असते. पण केंद्रातून बाहेर जाणाऱ्या लाटेला वाढत्या परिघावर पसरावे लागते, त्यामुळे तिची उंची कमी होत जाते. म्हणून इथली उत्तरे खालीवर होतात खरी, पण बाहेरच्या दिशेने हळूहळू बसत जातात. फ्रीडरिश बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ग्रहांच्या गतीचा अभ्यास करताना १८२४ मध्ये या फलनांची पद्धतशीर मांडणी केली, म्हणून त्यांना बेसेल फलने म्हणतात. या समीकरणाला दुसऱ्या जातीची उत्तरेही आहेत, पण ती केंद्राशी अनंताकडे जातात. कातडे तसे फाटत नाही, म्हणून ती सोडून द्यायची.

सगळ्यात साधे फलन n = ० चे, J₀. ते असे लिहितात:

J₀(x) = 1 − x²/4 + x⁴/64 − x⁶/2304 + …

यात x ची किंमत २.४ घालून पाहा. पहिली चार पदे अनुक्रमे १, −१.४४, ०.५१८४ आणि −०.०८२९ येतात, पुढची दोन इवलीशी पदे धरून बेरीज साधारण ०.००२५ भरते. म्हणजे फलन शून्याला टेकायच्या बेतात आहे. नेमके शून्य २.४०५ जवळ येते, त्यापुढची शून्ये ५.५२० आणि ८.६५४ वर. दोन शून्यांमधले अंतर π च्या जवळ सरकत जाते, पण पहिले शून्य π च्या पटीत बसत नाही. सुरांची साखळी तुटते ती इथेच.

कातडे काठाला घट्ट बांधलेले असते, म्हणून काठावर R शून्यच हवा. त्रिज्या १५ सेंटिमीटर आणि तरंगाचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर २.४०५ या शून्यापासून मूळ कंप्रता सुमारे २५५ हर्ट्झ मिळते. n = १ चे पहिले शून्य ३.८३२, त्याची कंप्रता ४०७. n = २ चे ५.१३६, त्याची ५४५. J₀ च्या दुसऱ्या शून्याची ५८६. यातली एकही २५५ च्या दुपटीवर, म्हणजे ५१० वर, पडत नाही.

हे पडताळून पाहता येते. कातड्यावर बारीक वाळू पसरून ५८६ हर्ट्झचा सूर जवळ वाजवला, की वाळू त्रिज्येच्या ०.४३६ पटीवर, म्हणजे केंद्रापासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर, वर्तुळात गोळा व्हायला हवी. तसेच n शून्य नसेल तर फलन केंद्राशी शून्य असते. म्हणून बरोब्बर मध्यावर मारलेली थाप फक्त n = ० चे कंप जागवते.

ताण सगळीकडे सारखा नसेल, तर समान कंप्रतेची cos आणि sin ही जोडी फुटते. दोन जवळजवळच्या कंप्रता एकत्र वाजून सूर लाटेसारखा कमीजास्त होतो. तबलजी गजऱ्यावर हातोडीने चहूबाजूंनी ठोकून ही फूट मिटवतो.

शाईने सुधारली जाते ती मूळ तुटलेली साखळी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुन्हा १९३४ मध्ये हे तपासले. पुडीच्या मध्यावरच्या शाईमुळे नऊ वेगवेगळे कंप पाच स्वरांच्या भोवती जमतात आणि त्यांच्या कंप्रता १, २, ३, ४, ५ च्या प्रमाणात येतात. शाईचे वजन फक्त केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असते, म्हणून कोन आणि वेळ पूर्वीप्रमाणेच सुटे होतात. बदलते ते केवळ त्रिज्येचे समीकरण, आणि त्याबरोबर त्याची शून्ये.

डग्ग्याची शाई मात्र मध्यावर नसते, ती एका बाजूला असते. त्यामुळे तिथे वजन कोनावरही अवलंबून राहते, आणि पुडीच्या केंद्रापासून मोजलेल्या r आणि θ चे साधे विलगीकरण डग्ग्याला लागू पडत नाही.