निरोपाच्या भेटीची वर्गणी आणि तिचा हिशेब

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत 31 मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. एके काळी गावोगावच्या शाळांत नाव घालताना ज्या मुलांची जन्मतारीख घरच्यांना आठवत नसे, त्यांच्यापुढे मास्तर 1 जून लिहीत. राज्य सरकारी कर्मचारी साधारणपणे 58व्या वर्षी आणि गट ‘ड’मधले 60व्या वर्षी त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. ज्याची जन्मतारीखच महिन्याची 1 असते, तो आदल्या महिन्याच्या शेवटी निघतो. त्यामुळे मे महिन्यात टेबलाटेबलांवरून वर्गणीची वही फिरू लागते.

ही वही एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याच्या हाती असते. त्याला कुणी नेमलेले नसते आणि त्याचा हिशेब तपासणारेही कुणी नसते. दुसरीकडे, प्रत्येकाचा पगार, ओढ आणि अडचण वेगळी असल्याने वर्गणीही सारखी येत नाही. कुणी हजार रुपये काढून देतो, कुणी शंभराची नोट पुढे करतो, तर कुणी ‘नाव लिहून ठेवा, पगार झाला की देतो’ म्हणतो. कार्यक्रमानंतरच्या कुरबुरींचे मूळ बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात असते.

एक नमुना हिशेब मांडून पाहू. पंचवीस जणांच्या एका कार्यालयातून मुख्य लिपिक निवृत्त होत आहेत आणि उरलेल्या चोवीस जणांकडून वर्गणी घ्यायची आहे. दोघांनी प्रत्येकी 1,000 रुपये दिले, नऊ जणांनी 500, सहा जणांनी 300, चौघांनी 200 आणि एकाने 100. ही रक्कम होते 9,200. आणखी दोघांनी प्रत्येकी 500 रुपये देण्याचे कबूल केले आणि त्यांचीही नावे वहीत लागली. पानाच्या तळाशी बेरीज आली 10,200.

तीच बेरीज डोक्यात ठेवून खरेदी झाली. मनगटी घड्याळ 7,200 रुपये, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ मिळून 780, सह्यांची फ्रेम 170 आणि पंचवीस जणांचा अल्पोपाहार माणशी 70 प्रमाणे 1,750. एकूण खर्च 9,900. वहीप्रमाणे 300 रुपये उरायला हवेत, पण वर्गणी गोळा करणाऱ्याच्या खिशातूनच 700 रुपये गेलेले असतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक एवढाच की वहीने येणे रक्कम जमा धरली आहे.

म्हणून वहीत नावापुढे एक नव्हे, दोन रकाने हवेत. एकात कबूल केलेली रक्कम आणि दुसऱ्यात मिळालेली रक्कम, तारखेसह. रोख की यूपीआय, तेही शेजारी लिहावे. खरेदीला निघताना बेरीज करायची ती फक्त दुसऱ्या रकान्याची. आपल्या उदाहरणात ती 9,200 आहे. इतर खर्च 2,700 रुपयांचा, म्हणजे घड्याळ 6,500 पर्यंतचेच घेता येते. भेटवस्तू आधी ठरवून मग पैसे मागण्याची पद्धत सर्रास दिसते. पण वर्गणी ऐच्छिक असेल तर क्रम उलटाच हवा. किती जमेल हे हातात येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

मिळालेल्या रकमेची खातरजमा करणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे आणि थोडे फसवेही. यूपीआयने आलेले पैसे गोळा करणाऱ्याच्या खासगी खात्यात पडतात. तिथे दुधाचे पैसे, जेवणाच्या डब्याचे पैसे आणि मित्राने परत केलेले पैसेही येत असतात. काही जण पत्नीच्या किंवा मुलाच्या मोबाइलवरून पाठवतात, त्यामुळे खात्यात वेगळेच नाव दिसते. पाठवणाऱ्याने शेरा म्हणून ‘निरोप वर्गणी’ आणि स्वतःचे नाव लिहिले तर निम्मे काम होते. शंका आली तर व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक दोन्ही मोबाइलवर ताडून पाहता येतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ही खात्यात रक्कम जमा झाल्याची खूण नव्हे, कारण व्यवहार अडकलेला असू शकतो. रोख आणि यूपीआय यांच्या बेरजा वेगवेगळ्या काढाव्यात आणि दोन्ही मिळून वहीतल्या मिळालेल्या रकमेशी जुळल्या की मगच दुकान गाठावे.

आता त्या 700 रुपयांचे काय? ज्यांनी पैसे दिले आहेत त्या बावीस जणांकडे पुन्हा हात पसरला, तर प्रत्येकी साधारण 32 रुपये येतात. शंभर देणाऱ्याची वर्गणी त्यामुळे जवळपास एक तृतीयांशाने वाढेल आणि हजार देणाऱ्याला ती जाणवणारही नाही. शिवाय ज्यांनी शब्द पाळला त्यांच्यावरच भार पडेल. योग्य नोंद अशी: जमेच्या बाजूला वर्गणी 9,200 आणि खाली गोळा करणाऱ्याच्या नावाने हातउसने 700, एकूण 9,900. खर्चाच्या बाजूला 9,900. हिशेब जुळला आणि कुणाचे किती देणे आहे हेही कागदावर आले. राहिलेल्या दोघांपैकी एकाचे 500 आले की ते थेट हातउसन्यापोटी परत करायचे. दुसरा बदली होऊन गेला आणि पैसे आलेच नाहीत, तर उरलेले 200 रुपये गोळा करणाऱ्याने स्वखुशीने सोडावेत किंवा सर्वांना सांगून मागावेत. न बोलता सोसत राहिले तर पुढच्या वेळी वही हातात घ्यायला कुणी पुढे येत नाही.

असमान वर्गणीतला खरा गुंता मात्र अल्पोपाहारात आहे. भेट निवृत्त होणाऱ्याला मिळते, पण सामोसा, वेफर्स आणि पेढा वर्गणी देणारेच खातात. आपल्या उदाहरणात 1,750 रुपयांचा खर्च चोवीस जणांत वाटला तर माणशी सुमारे 73 रुपये पडतात. शंभर देणाऱ्याचे भेटीसाठी 27 रुपयेच उरतात आणि हजार देणाऱ्याचे 927. उलट, ज्याने 300 रुपये दिले पण त्या दिवशी दौऱ्यावर होता, त्याच्या पैशांतून इतरांनी खाल्ले. हे दोन खर्च वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांना एका पिशवीत घालणे चूक आहे. खाण्याचा खर्च हजर असणाऱ्यांनी सारखा उचलावा किंवा कार्यालयाच्या चहाच्या फंडातून भागवावा. भेटीची वर्गणी मात्र ज्याने त्याने इच्छेप्रमाणे द्यावी. अनेक कार्यालयांत निवृत्त होणारी व्यक्ती स्वतःच सहकाऱ्यांना खाऊ घालते. तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो.

पैसे उरले तरी पेच पडतो. समजा, दोघांचेही 500 रुपये वेळेत आले, जमा 10,200 झाली आणि दुकानातल्या सवलतीमुळे तेच घड्याळ 5,700 रुपयांना मिळाले. खर्च 8,400 झाला आणि 1,800 रुपये उरले. चोवीस जणांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या हाती 75 रुपये येतात. मग शंभर देणाऱ्याने प्रत्यक्षात फक्त 25 रुपये दिलेले असतात, त्याच्या खाण्याच्या खर्चाहूनही कमी. ज्याने जितके दिले त्या प्रमाणात परत करायचे तर प्रत्येक शंभर रुपयांमागे 17 रुपये 65 पैसे येतात. शंभरवाल्याला तेवढेच, पाचशेवाल्याला सुमारे 88 रुपये आणि हजारवाल्याला सुमारे 176. परत करायचेच असेल तर हाच मार्ग न्याय्य आहे. पण तेवढे सुटे मोजत बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे पैसे एका माणसाच्या नावाने मागितले होते, त्यामुळे उरलेल्या रकमेवर पहिला हक्क त्याचा आहे. त्यातून आणखी एखादी उपयोगाची वस्तू घेणे किंवा रक्कम पाकिटात घालून त्यालाच देणे अधिक योग्य. पुढच्या निरोपासाठी ती राखून ठेवायची असेल, तर देणाऱ्यांना आधी विचारायला हवे. ज्याच्यासाठी त्यांनी पैसे दिले तो आणि पुढचा निवृत्त होणारा यांच्याविषयीची त्यांची भावना एकच असेल असे नाही.

31 मे रोजी एकाच कार्यालयातून दोघे-तिघे निघतात तेव्हा हे आणखी ठळक होते. एकासाठी 500 आणि दुसऱ्यासाठी 200 असे देणारे असतात. अशा वेळी प्रत्येकाच्या नावाचे पान वेगळे ठेवावे किंवा पैसे मागतानाच ‘सर्वांना सारखी भेट’ असे स्पष्ट सांगावे. आधी वेगवेगळे घेऊन नंतर एकत्र करणे म्हणजे देणाऱ्याचा हेतू बदलणे होय. निवृत्तीऐवजी बदली असेल आणि ती ऐनवेळी रद्द झाली, तर ज्याने जेवढे दिले तेवढे त्याला परत जायला हवे. वहीतला मिळालेल्या रकमेचा रकाना अशा वेळी कामी येतो.

असमानता मिटवण्यासाठी काही ठिकाणी पदाप्रमाणे दर बांधले जातात: अधिकाऱ्याचे इतके, लिपिकाचे इतके, शिपायाचे इतके. हिशेबाला ते सोपे असले तरी दर ठरला की वर्गणी ऐच्छिक राहत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964चे वर्तणूक नियम आहेत. त्यातल्या 14व्या नियमाखालच्या टिपेनुसार, निरोपाचा कार्यक्रम खासगी आणि अनौपचारिक असला तरी त्याच्या वर्गणीसाठी कर्मचाऱ्यावर कोणत्याही प्रकारचा दबाव आणण्यास मनाई आहे. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या अशा कार्यक्रमासाठी वर्गणी गोळा करणे तर कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध आहे. साहेबांच्या निरोपासाठी शिपायापुढे वही धरली जाते तेव्हा तो नकार देऊ शकत नाही, हे ओळखूनच ही तरतूद असावी.

त्यामुळे कुणी किती दिले हे भिंतीवर लावण्याची किंवा कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची काहीच गरज नाही. शंभर देणाऱ्याला त्याने खाली पाहावे लागते आणि पुढच्या वेळी तो उसने काढून पाचशे देतो. सर्वांना कळायला हवे ते एवढेच: एकूण जमा, बाबवार खर्च, बिलांची छायाचित्रे आणि शिल्लक. स्वतःची रक्कम बरोबर लागली आहे का, हे ज्याला पाहायचे असेल त्याला वहीतली फक्त त्याची ओळ दाखवावी. फ्रेमवर आणि शुभेच्छापत्रावर सर्वांच्या सह्या सारख्याच आकाराच्या घ्याव्यात. ज्याने काहीच दिले नाही त्याचीही सही घ्यावी, कारण सही निरोपाची असते, पावतीची नव्हे.

बिलाबाबत एक व्यावहारिक गोष्ट राहून जाते. किंमत दिसू नये म्हणून बिल काढून घेतले जाते आणि वॉरंटी कार्ड तेवढे डब्यात राहते. चार महिन्यांनी घड्याळ बंद पडले की दुकानदार बिल मागतो आणि निवृत्त माणसाला कुणाकडे विचारावे ते कळत नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख आहे ना, हे पाहून घ्यावे आणि बिलाची प्रत त्यांच्या घरी पोचवावी. मोठ्या कार्यालयात वर्गणी भरघोस जमते आणि सोन्याचे नाणे किंवा साखळी दिली जाते. तिथे प्राप्तिकराचाही विचार करावा. नातेवाइकांखेरीज इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रोख 50,000 रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरची नव्हे, सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. सोने आणि दागिन्यांनाही बाजारभावाने अशीच मर्यादा आहे. घड्याळ किंवा टीव्ही या यादीत येत नाहीत.