खरा पत्ता हातात असूनही

१९ मार्च २०१६. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वारं तापलेलं होतं. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल आली. तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, युक्रेनमधून लॉगिनचा प्रयत्न झाला, तो गूगलनं अडवला, पासवर्ड ताबडतोब बदला, असा मजकूर. खाली निळं बटण. गूगलच्या खऱ्या इशाऱ्यासारखीच दिसणारी ती मेल होती.

त्यानंतर जे घडलं, त्यासाठी ही गोष्ट कार्यालयातल्या प्रत्येकानं ऐकायला हवी. पोडेस्टांच्या कार्यालयाला शंका आली आणि त्यांनी मेल प्रचाराच्या संगणक-मदत विभागाकडे पाठवली. म्हणजे प्रशिक्षणात शिकवतात ते सगळं त्यांनी केलं. तिथल्या कर्मचाऱ्याचं उत्तर आलं: मेल खरी आहे, पासवर्ड लगेच बदला, टू-फॅक्टर सुरू करा. सोबत गूगलच्या सुरक्षा-पानाचा खरा पत्ताही त्यानं दिला होता. मेल खोटी आहे असं लिहायचं होतं, टायपिंगमध्ये चूक झाली, असं त्यानं पुढे वृत्तपत्राला सांगितलं.

खरा पत्ता उत्तरात होता, पण क्लिक झालं ते मूळ मेलमधल्या निळ्या बटणावर.

त्या बटणामागे आधी लिंक लहान करणाऱ्या सेवेचा पत्ता होता. तिथून पुढे उघडणाऱ्या पानाचा पत्ता असा सुरू होत होता:

```
myaccount.google.com-securitysettingpage.tk
```

घाईत डोळा ‘google.com’ वर थांबतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण वेबसाइटचा मालक कोण, हे पत्त्याच्या सुरुवातीवरून ठरत नाही. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचं असतं, तिथून मागे वाचायचं. इथे शेवटी ‘.tk’ आहे आणि त्याच्या आधी ‘com-securitysettingpage’, मध्ये टिंब नाही, जोडरेघ आहे. म्हणजे ही साइट ‘com-securitysettingpage.tk’ या नावाची. ‘myaccount.google’ हे तिनं स्वतःच्या दारावर लावलेलं नुसतं नाव. कुलपाचं चिन्ह दिसलं तरी फरक पडत नाही. ते फक्त मधली वाट सांकेतिक आहे एवढंच सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते नाही. मोबाइलवर हा पत्ता अर्धवटच दिसतो, म्हणून असं पान फोनवर तपासत बसण्यापेक्षा मेल बंद करून बँकेचा, गूगलचा किंवा कंपनीचा पत्ता आपण स्वतः टाइप करावा.

पुढच्या दिवसांत पन्नास हजारांहून जास्त मेल्स चोरीला गेल्या. रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या अधिकाऱ्यांवर अमेरिकेनं २०१८ मध्ये आरोपपत्र दाखल केलं. ७ ऑक्टोबर २०१६ पासून विकिलीक्सनं त्या मेल्स गठ्ठ्यागठ्ठ्यानं प्रसिद्ध केल्या, आणि त्या गठ्ठ्यांत दुसरी चूक सापडली. पोडेस्टांच्या सहायकानं मेलमध्येच त्यांच्या अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड लिहून पाठवला होता, तोही २०१५ मध्ये. जगाला तो उघडपणे वाचता आला, आणि त्याच काळात त्यांचं ट्विटर खातंही दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं.

आपल्या कार्यालयांतही हे रोज घडतं. साहेब दौऱ्यावर आहेत, मेल बघायला पासवर्ड द्या. अकाउंट्समधल्या ताई रजेवर आहेत, बिलं अडकलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. काम त्या मिनिटाला होतं. पण तो संदेश मेलबॉक्समध्ये, फोनमध्ये, बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि खात्यात घुसलेला माणूस सगळ्यात आधी ‘password’ हाच शब्द शोधतो. खरं म्हणजे अशा वेळी पासवर्ड देण्याची गरजच नसते. जीमेल किंवा आउटलुकमध्ये दुसऱ्या व्यक्तीला आपली मेल पाहण्याची परवानगी देता येते, ती स्वतःच्या लॉगिननं काम करते आणि रजा संपली की परवानगी काढून घेता येते. कोणी काय केलं याची नोंदही वेगळी राहते.

टू-फॅक्टर सुरू असतं तर पोडेस्टांचं खातं बहुधा इतक्या सहज उघडलं नसतं. पण मोबाइलवर येणारा ओटीपीही आता खोट्या पानावर मागून घेतला जातो आणि त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरला जातो. पासकी किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली मात्र ज्या पत्त्यासाठी नोंदवली, त्याच पत्त्याला उत्तर देते, ‘.tk’ वाल्या पानापुढे ती गप्प राहते. माणसाच्या डोळ्यांवर भार न टाकणारा असा उपाय म्हणूनच मोलाचा आहे.

क्लिक झालंच तर लपवू नये. खऱ्या साइटवर जाऊन पासवर्ड बदलावा, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करावं, आयटीला लगेच कळवावं. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करावा. आणि मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचे नियम पाहावेत. पासवर्ड बदलला तरी तिथे घुसखोरानं ठेवलेला एखादा नियम आपल्या नव्या मेल्सची प्रत त्याला पाठवत राहू शकतो.