पॉवर प्रेस, बोटे आणि ‘निष्काळजीपणा’

पॉवर प्रेसवरचा ठरावीक अपघात असा असतो : कामगार डायमधला जॉब काढायला हात घालतो, तेवढ्यात पंच खाली येतो आणि बोटे जातात. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले जाते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. या सवयीला आधार मिळाला तो हर्बर्ट हाइनरिश या विमा क्षेत्रातल्या अमेरिकी तज्ज्ञाचा. 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असे त्याने 1931 च्या पुस्तकात मांडले. व्यवस्थापनाचे विद्यार्थी हा आकडा आजही पाठ करतात. पण एका पाळीत हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्याचा हात कधीतरी चुकणारच. तेव्हा तो डायपर्यंत पोचू शकला कसा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बरेचदा क्लचमध्ये सापडते. जुन्या प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. पॅडल दाबून स्ट्रोक सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत मशीन थांबवता येत नाही. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. अशा प्रेसला प्रकाशकिरणांचा सेन्सर लावणे म्हणजे निव्वळ देखावा, कारण हात दिसला तरी पंच थांबवणार कोण? तिथे पत्रा आत सरकेल पण बोट जाणार नाही, इतक्याच फटीचे पक्के गार्ड हवे.

हवेच्या दाबावर चालणारा घर्षण-क्लच मात्र मधेच सोडवता येतो. तिथे सेन्सर उपयोगी पडतो, पण अंतर मोजून लावला तरच. हाताचा वेग हिशेबासाठी सेकंदाला किमान 1.6 मीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर पुढे जातो. म्हणून सेन्सर डायपासून त्याहून दूर हवा. ब्रेक झिजून हाच वेळ 0.4 सेकंद झाला, की हात 64 सेंटिमीटर जातो. सेन्सर जागच्या जागी, दिवा हिरवा, आणि संरक्षण मात्र संपलेले! थांबण्याचा वेळ नियमित मोजून नोंदवणे हे म्हणूनच देखभाल विभागाचे काम आहे. ते करवून घेणे व्यवस्थापनाचे.

कायद्याचा रोखही मालकाकडेच आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणे बंधनकारक केले. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य राखण्याचे सर्वसाधारण कर्तव्यही त्यात लिहिले गेले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ते कलम 6 मध्ये आहे. गार्ड काढल्याने उत्पादन वाढते म्हणून सुपरवायझरने डोळेझाक केली, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही.

भरपाईचा कायदाही चौकशीच्या त्या ठरावीक शेऱ्याला भीक घालत नाही. 1923 च्या कायद्यानुसार नशा, सुरक्षेच्या आदेशाचा हेतुपुरस्सर भंग किंवा गार्ड मुद्दाम काढणे अशी कारणेच मालकाला बचावासाठी मिळत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तीही चालत नसत. साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण नाही.