शिल्लक बावीस हजार

सोसायटीचा खजिनदार उद्याच्या सभेची कागदपत्रं शेवटची चाळतोय आणि त्याच्या लक्षात येतं की एक खर्च धरायचाच राहिला. एवढ्यावर कथा लिहायला बसलेले बहुतेक जण पहिल्या पानावरच एक चूक करतात. रक्कम फार मोठी ठेवतात. पंधरा लाख, वीस लाख. आकडा मोठा म्हणजे नाट्य मोठं, असा हिशेब. पण पंधरा लाख लपवता येत नाहीत. खजिनदाराला सांगण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि जिथे गत्यंतर नाही तिथे निवड नाही, कथाही नाही. पाचशे रुपये विसरले तर सांगितलं काय, न सांगितलं काय, कुणाला फरक पडणार नाही. कथेसाठी हवी ती रक्कम या दोन्हींच्या मधली: मनात आणलं तर मुरवता येईल अशी, पण मुरवल्यावर झोप येणार नाही अशी.

ही रक्कम नुसत्या कल्पनेने सापडत नाही. त्यासाठी ते अंदाजपत्रक खरोखर मांडावं लागतं. तर मांडूया.

ठाण्यातली एक सात मजली इमारत, मजल्यावर चार याप्रमाणे अठ्ठावीस सदनिका. मेंटेनन्स महिना 3,000 रुपये, म्हणजे महिन्याला 84,000 आणि वर्षाला 10,08,000 जमा. खर्चाच्या बाजूला पाणीपट्टी, जिन्यातली आणि पंपाची वीज, वॉचमनचे पगार, सफाई, लिफ्टचा देखभाल करार, विमा, टाकी धुणं, किरकोळ दुरुस्त्या. बेरीज 9,86,000. खाली शिल्लक 22,000. आपला खजिनदार, त्याला नाना म्हणू, बँकेतून निवृत्त झालेला आहे. यंदा मेंटेनन्स वाढवायचा नाही असं त्याने सहा महिन्यांपूर्वी जिन्यात उभं राहून चारचौघांत सांगितलं होतं. ते त्याने करून दाखवलं आहे आणि ही बावीस हजारांची ओळ म्हणजे त्याची शेखी आहे. कथेत हे आधी यायला हवं. ती ओळ नानाला किती प्रिय आहे ते वाचकाला कळलं, तरच ती खोडताना त्याचा हात का अडतो ते कळेल.

आता विसरला काय? इथे दुसरी चूक होते. लेखक खजिनदाराला वेंधळा करतात. बिल पुस्तकात राहिलं, पावती खिशात धुतली गेली. अशी चूक कुणाच्याही हातून होते, म्हणून ती कुणाचीच नसते. नानाची चूक त्याच्या काटेकोरपणातूनच निघाली पाहिजे. सोसायट्यांची अंदाजपत्रकं कशी बनतात ते पाहिलं की ही जागा आपोआप सापडते. गेल्या वर्षीचा तक्ता समोर घ्यायचा, प्रत्येक ओळीत आठ-दहा टक्के वाढवायचे, झालं. या पद्धतीत गेल्या वर्षी झालेला कुठलाही खर्च सुटत नाही. सुटतो तो फक्त गेल्या वर्षी नसलेला. नाना जितका काळजीपूर्वक जुना तक्ता उतरवेल, तितका तो खर्च पक्का विसरेल.

दरवर्षी न येणारा असा एक खर्च महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत असतो: इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, आणि तीस वर्षं उलटली की तीन वर्षांतून एकदा. इंजिनिअर येतो, खांब-तुळया बघतो, काँक्रीटवर ठोकून पाहतो, गरज पडली तर गाभ्याचा नमुना काढतो आणि अहवाल देतो. नानाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं जून 1994 मध्ये. मागचं ऑडिट झालं 2021 साली, त्याच्या आधीचं 2016 साली. म्हणजे पुढचं 2026, असं सगळ्यांनी धरलेलं. पण जून 2024 मध्ये इमारतीने तिशी ओलांडली आणि मुदत पाचाची तीन झाली. 2021 अधिक तीन. ते ऑडिट याच वर्षी करायचं आहे.

ही तारीख कुठल्याही एका कागदावर लिहिलेली नाही, आणि कथाकाराला हीच गोष्ट फार कामाची आहे. शोध एकाच कागदातून लागला तर तो योगायोग वाटतो. दोन कागद शेजारी ठेवल्यावर लागला तर तो पात्राने लावलेला असतो. म्हणून नानाला त्या शनिवारी, 28 सप्टेंबर 2024 च्या संध्याकाळी, दुसरंच काहीतरी शोधायला बसवावं. लिफ्टच्या कराराबद्दल तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दरवर्षी प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर देण्यासाठी तो जुनी फाइल काढतो. तीत 2021 चा अहवाल हाताला लागतो. शेवटच्या पानावर पुढच्या तपासणीच्या मुदतीचं एक वाक्य आहे, तीस वर्षांचा उल्लेख असलेलं. नाना ते वाचतो, पान उलटतो, मग थांबतो. ऑफिसच्या भिंतीवर भोगवटा प्रमाणपत्राची फ्रेम आहे. तिच्याखालच्या खुर्चीवर तो सहा वर्षं बसतोय. तो उठतो, चष्मा वर करतो आणि काचेवरची धूळ अंगठ्याने पुसून तारीख वाचतो. वाक्य एवढंच. त्याला धक्का बसला, घाम फुटला, हे लिहू नये. तारीख वाचणारा अंगठा पुरेसा आहे.

इंजिनिअरची फी आपण 84,000 धरू. आकडा मुद्दाम निवडलेला आहे. ती बरोबर एका महिन्याची वसुली आहे, म्हणजे घरटी 3,000. वाचकाला गणित न करता समजतं. शिलकीतले बावीस हजार जाऊन वर बासष्ट हजारांची तूट येते.

आणि लपवायची जागा? तीही आहे. सोसायटीचा दुरुस्ती निधी मुदत ठेवीत पडून असतो आणि देखभाल-दुरुस्तीसाठी तो वापरायचा अधिकार समितीकडे असतो. तपासणी म्हणजे दुरुस्ती का? म्हटलं तर हो. सभेत बावीस हजार शिल्लक दाखवून टाळ्या घ्यायच्या आणि डिसेंबरात फी निधीतून द्यायची. कायदा मोडल्यासारखं वाटणार नाही, आणि नेमकं म्हणूनच नानाला रात्रभर जागता येईल. त्याने पैसे खाल्ले असं दाखवायचा मोह इथे टाळावा. अफरातफर आली की ती पोलिसांची कथा होते.

एक दिवस आधीच का? आठवडाभर आधी कळलं असतं तर समितीची बैठक घेऊन तक्ता बदलता आला असता. सभेनंतर कळलं असतं तर नानाने फक्त पश्चात्ताप केला असता. वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत अंदाजपत्रक घरोघर जातं. म्हणजे शनिवारी संध्याकाळी अठ्ठावीस घरांत चुकीचा कागद पोचलेला आहे आणि त्यावर मंजुरी मात्र अजून नाही. सही झालेल्या ताळेबंदातली चूक अशी नसते. तिच्यात लेखापरीक्षकही वाटेकरी होतो. अंदाजपत्रकातली चूक मंजुरीच्या आदल्या रात्री एकट्याची असते.

शोध कथेत कुठे ठेवायचा, याला एक जुना दाखला आहे. मोपासाँची 1884 सालची नेकलेसची गोष्ट अनेकांनी शाळेत वाचलेली असते. उसना आणलेला हार हरवतो, बदली हारासाठी छत्तीस हजार फ्रँक मोजले जातात, दहा वर्षं कर्ज फेडण्यात जातात, आणि मूळ हार फार तर पाचशे फ्रँकांचा खोटा होता हे अगदी शेवटी कळतं. तिथे आकडा कथा बंद करतो. आपल्या कथेत आकड्याने दार उघडायचं आहे. शोध शेवटी ठेवला तर वाचक चकित होईल, पण ती रात्र त्याच्या हातून जाईल. म्हणून पाच पानांची कथा असेल तर तो दुसऱ्या पानाच्या आत यावा, आणि पुढची पानं नाना काय करतो याला द्यावीत.

नाना करतो काय? माणूस आधी भागीदार शोधतो. तो साडेदहाला सेक्रेटरीचं दार वाजवतो.

“नाना, आत्ता?”

“दोन मिनिटं. ते स्ट्रक्चरलचं यंदाच करायला लागतंय.”

“सव्वीसला ना ते?”

“तीस झाली बिल्डिंगला.”

सेक्रेटरी आत पाहतो, दार ओढून बाहेर येतो. “उद्या नका काढू. मेंटेनन्स वाढणार नाही म्हणून लोक येतायत. निधीतून करू की.”

“करता येईल.”

“मग झालं तर.”

या संवादात उपविधी क्रमांक नाही, मुदतीचा तक्ता नाही, तत्त्वाची भाषा नाही. नियम समजावणारं पात्र आणलं की कथेचं परिपत्रक होतं. ‘तीस झाली बिल्डिंगला’ एवढ्यात काम भागतं, कारण पाच आणि तीन वर्षांचं गणित वाचकाने नानाबरोबर भिंतीसमोर उभं राहून आधीच केलेलं आहे. सेक्रेटरी लबाड नाही, हेही पाहावं. तो नानाची इज्जत वाचवतोय. वाईट सल्ला आपुलकीने दिलेला असला की नाकारायला जड जातो.

शेवटाकडे येताना तीन सोप्या वाटा समोर येतील. कुणी देणगीदार फी भरतो. नाना भावपूर्ण भाषण करतो आणि सभा टाळ्या वाजवते. किंवा अहवालात इमारत धोकादायक निघते आणि नानामुळे सगळ्यांचे जीव वाचतात. तिन्हींत नानाला बक्षीस मिळतं, आणि बक्षीस मिळालं की त्याने फायद्याचा सौदा केला असं होतं. ऑडिटमधून काय निघणार हे कथेत कुणालाच कळू नये.

त्याऐवजी बँकेतल्या माणसाची सवय वापरावी. बँकेत आकडा चुकला तर तो गिरवत नाहीत, खरवडत नाहीत. एक आडवी रेघ मारतात, वर बरोबर आकडा लिहितात आणि शेजारी छोटी सही करतात. चुकलेला आकडा रेघेखाली वाचता आला पाहिजे. रात्री नाना आपल्या प्रतीत ‘शिल्लक 22,000’ वर पट्टी ठेवून रेघ मारतो, वर ‘तूट 62,000’ लिहितो आणि सही करतो. दुसऱ्या कुणाच्या प्रतीत हे नाही. सकाळी उठून तो हा कागद घरी विसरू शकतो. सेक्रेटरीने तशी सोयही करून ठेवली आहे.

रविवारी दहाला सभा सुरू होते. अहवाल, हिशेब, मग अंदाजपत्रकाचा विषय पुकारला जातो. कुणीतरी मागून म्हणतं, “मंजूर, मंजूर, नानांचं आहे ते.” नाना उभा राहतो, घडी उलगडतो आणि म्हणतो, “पान चार, ओळ अकरा. एक दुरुस्ती आहे.”

कथा इथे थांबवावी. हे वाक्य कुठल्याही इतिवृत्तात सापडेल इतकं कोरडं आहे. पहिल्या पानावर आलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.